ताब्याआधी फ्लॅट विकायचाय? बिल्डरकडून तो नव्या खरेदीदाराच्या नावावर कसा करून घ्यायचा

माझ्या मावसभावाने ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ८० लाखांचा फ्लॅट घेतला. अडीच वर्षांनी बदली बेंगळुरूला झाली आणि फ्लॅट विकायचं ठरलं. ताबा मिळायला अजून वर्ष तरी होतं. त्याच इमारतीत बिल्डर तसाच फ्लॅट ९२ लाखांना देतोय हे कळल्यावर तो खुशीत होता, १२ लाख सुटणार म्हणून. मी कागदावर हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं की ९२ लाखांना विकलं तर त्याला तीन लाखांवर तोटा होईल. शेवटी व्यवहार ९६ लाखांना झाला आणि खरेदीदारालाही तो बिल्डरपेक्षा स्वस्त पडला. हे कसं जमलं, त्यासाठी कोणते कागद कोणत्या क्रमाने लागले, हेच इथे सांगतो. नियम महाराष्ट्राचे आहेत. दुसऱ्या राज्यात मुद्रांक शुल्काचा भाग पूर्ण वेगळा असेल.

तुमच्या हातात नेमकं काय आहे?

ताब्याआधी तुम्ही फ्लॅट विकत नसता, कारण फ्लॅट अजून तुमच्या नावावर झालेलाच नसतो. तुम्ही विकता तो हक्क, म्हणजे बिल्डरबरोबरच्या करारातून मिळालेला, पुढे तो फ्लॅट घेण्याचा हक्क. म्हणूनच बिल्डरच्या सहीशिवाय हा व्यवहार पुढे सरकत नाही.

हातात फक्त अलॉटमेंट लेटर असेल तर गोष्ट सोपी आहे. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, त्यामुळे या टप्प्यावर तुमचे फार पैसे अडकलेले नसतात. बिल्डर तयार असेल तर तो जुनं लेटर रद्द करून नव्या नावाने देतो. तयार नसेल तर बुकिंग रद्द करून बाहेर पडता येतं. महारेराच्या नमुना अलॉटमेंट लेटरमध्ये रद्द करताना किती रक्कम कापायची हे ठरवलेलं आहे: पंधरा दिवसांत रद्द केलं तर काहीच नाही, साठ दिवस उलटून गेल्यावर जास्तीत जास्त किमतीच्या २ टक्के. या टप्प्यावर याहून जास्त डोकं लावायची गरज नाही.

खरी गुंतागुंत सुरू होते ती करारनामा नोंदवून झाल्यावर. मुद्रांक शुल्क भरलेलं असतं, जीएसटी भरलेला असतो, बँकेचं कर्ज निम्म्याहून जास्त उचललेलं असतं. यापुढचं सगळं याच परिस्थितीबद्दल.

दोन वाटा, आणि मी कोणती धरतो

नोंदणीकृत करारनामा दुसऱ्याच्या नावावर करायचे दोन मार्ग आहेत. पहिला, त्रिपक्षीय हस्तांतरण करारनामा. यात तुम्ही लिहून देणार, नवा खरेदीदार लिहून घेणार आणि बिल्डर मान्यता देणार असतो. जुना करार जिवंत राहतो, फक्त त्यातली तुमची जागा नवा माणूस घेतो. दुसरा मार्ग, रद्दपत्र. तुमचा करारनामा नोंदणी करून रद्द होतो, बिल्डर तुमचे पैसे परत करतो आणि नव्या खरेदीदाराशी अगदी नवा करारनामा करतो.

बिल्डरला दुसरी वाट आवडते, कारण त्याला नवा करार आपल्या अटींवर करता येतो. माझं मत मात्र पहिल्या वाटेच्या बाजूने आहे, आणि त्याची कारणं नुसती तांत्रिक नाहीत.

पहिलं कारण ताब्याच्या तारखेचं. जुना करार चालू राहिला तर त्यातली ताब्याची तारीखही चालू राहते. नव्या करारात बिल्डर नवी, पुढची तारीख टाकू शकतो आणि मग झालेल्या उशिराचा प्रश्नच मिटतो. रेरा कायद्याच्या व्याख्येत 'अलॉटी' म्हणजे पहिला खरेदीदारच नव्हे. पुढे विक्रीने किंवा हस्तांतराने ते वाटप मिळवणाराही अलॉटीच. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की नंतरचा खरेदीदार पहिल्याच्या जागी येतो; त्या प्रकरणात उशिराचं व्याज बिल्डरला हस्तांतर कळल्याच्या तारखेपासून धरलं गेलं. हा मुद्दा तुमच्यापेक्षा तुमच्या खरेदीदाराच्या कामाचा आहे, पण भाव करताना तो तुमच्याही कामाला येतो.

दुसरं कारण पैशाचं. रद्दपत्राच्या वाटेत बिल्डर तुम्हाला तुम्ही भरलेलेच पैसे परत देणार. वाढलेली किंमत मग कुठून येणार? बहुतेक वेळा 'वरचे रोखीत घ्या' असंच ऐकू येतं. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो, आणि खरेदीदाराला त्या रोखीवर कर्जही मिळत नाही. वाढलेली किंमत कागदावर उजळ माथ्याने घ्यायची असेल तर त्रिपक्षीय करारनामाच हवा.

रद्दपत्राची एक चांगली बाजू आहे, तीही सांगायला हवी. ताबा घेण्याआधी, करारनाम्यापासून पाच वर्षांच्या आत नोंदणीकृत रद्दपत्र केलं तर भरलेल्या मुद्रांक शुल्काचा परतावा मागता येतो. अर्ज रद्दपत्राच्या नोंदणीपासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. ही मुदत चुकली की पैसे गेले असं समजा. बिल्डर कोणत्याही कारणाने त्रिपक्षीय करार करायला तयार नसेल तर हा मार्ग उरतो. तेव्हा रद्दपत्र आणि नवा करारनामा एकाच दिवशी, लागोपाठच्या क्रमांकांवर नोंदवायचा आग्रह धरा, कारण मधल्या काळात फ्लॅटवर तुमचाही हक्क नसतो आणि खरेदीदाराचाही.

पहिली गोष्ट: करारनाम्यातली तीन कलमं शोधा

खरेदीदार शोधण्याआधी, जाहिरात टाकण्याआधी आणि एजंटला फोन करण्याआधी करारनामा काढून बसा.

त्यात एक कलम असं असतं की सर्व देणी फिटल्याशिवाय आणि बिल्डरची लेखी परवानगी घेतल्याशिवाय आपला हक्क हस्तांतरित करायचा नाही. जवळजवळ प्रत्येक करारात ते सापडतं. 'सर्व देणी' म्हणजे तुम्ही हस्तांतर करता त्या दिवसापर्यंत मागितलेले हप्ते आणि त्यांचं व्याज. पुढच्या हप्त्यांची जबाबदारी नवा माणूस घेतो. मात्र काही बिल्डर 'आधी सगळे पैसे भरा' असा अर्थ लावतात, म्हणून हे लेखी विचारून घ्या. याच कलमाजवळ कधी कधी ठराविक महिने विकता येणार नाही अशी अटही लपलेली असते.

दुसरं कलम हस्तांतर शुल्काचं. ते चौरस फुटावर असतं, किमतीच्या टक्क्यात असतं किंवा 'बिल्डर त्या वेळी ठरवेल तेवढं' असं असतं. इथे एक गैरसमज नेहमी आढळतो. महापालिका क्षेत्रात हस्तांतर प्रीमियम पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही हे लोकांनी ऐकलेलं असतं आणि ते बिल्डरला ऐकवतात. ती मर्यादा गृहनिर्माण संस्थेसाठी आहे, बिल्डरसाठी नाही. सोसायटी अजून झालेलीच नाही, तेव्हा इथे करारनाम्यात काय लिहिलंय आणि तुमची घासाघीस किती चालते, एवढंच महत्त्वाचं. करारात शुल्काचा उल्लेखच नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे, ती वापरा. शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो.

तिसरं कलम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेलं आहे: इन्व्हेस्टर क्लॉज. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ५ (जी-ए)(२) नुसार, बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट ठराविक मुदतीत पुढे विकला तर पहिल्या करारावर भरलेलं मुद्रांक शुल्क दुसऱ्या करारावरच्या शुल्कातून वजा होतं. ही मुदत आधी एक वर्ष होती, २०२२ मध्ये ती तीन वर्षं झाली. अट अशी की पहिल्या करारनाम्यात खरेदीदार गुंतवणूकदार म्हणून घेत आहे आणि शुल्क या अनुच्छेदाखाली भरलं आहे असा स्पष्ट उल्लेख हवा. तीन वर्षं मोजायची ती पहिल्या करारनाम्याच्या तारखेपासून. क्लॉज नसेल तर नंतर कुणाच्या पाया पडून तो घालता येत नाही.

मावसभावाच्या करारात तो होता. तेवढ्या एका परिच्छेदाची किंमत ५ लाख ६० हजार निघाली.

भाव कसा ठरवायचा

आता तो हिशेब. पुण्यात पुरुष खरेदीदाराला एकूण ७ टक्के मुद्रांक शुल्क लागतं: ५ टक्के मूळ आणि स्थानिक संस्था व मेट्रोचा एकेक टक्का अधिभार. खरेदीदार फक्त महिला असेल तर एक टक्का कमी. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकाची किंमत यांपैकी जास्त असेल त्यावर लागतं. इथे करारातली किंमतच जास्त होती.

मावसभावाने बिल्डरला तोवर ६० टक्के, म्हणजे ४८ लाख भरले होते. त्यात १६ लाख स्वतःचे आणि ३२ लाख कर्जाचे. त्यावर ५ टक्क्यांनी जीएसटी २ लाख ४० हजार. मुद्रांक ५ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार. पूर्ण कर्ज उचललेलं नसल्याने तो नुसतं व्याज भरत होता, ते अडीच वर्षांत सव्वाचार लाख झालं होतं. सगळं मिळून ६० लाख ५५ हजार खिशातून गेलेले किंवा कर्जाने भरलेले. बिल्डरचं हस्तांतर शुल्क जीएसटीसह १ लाख ७७ हजार आणि एजंटची एक टक्का दलाली वेगळी.

९२ लाखांना विकलं असतं तर त्यातले ३२ लाख बिल्डरचे उरलेले हप्ते, ते खरेदीदार थेट बिल्डरला भरणार. याच्या हातात येणार ६० लाख. खर्च ६३ लाख २४ हजार. बारा लाखांचा 'नफा' असा विरून जातो.

पण हेच खरेदीदाराच्या बाजूने पाहा. बिल्डरकडून ९२ लाखांचा फ्लॅट घेतला तर त्याला जीएसटी ४ लाख ६० हजार, मुद्रांक ६ लाख ४४ हजार आणि नोंदणी ३० हजार मोजावी लागते. एकूण १ कोटी ३ लाख ३४ हजार. मावसभावाकडून ९६ लाखांना घेतला तर जीएसटी फक्त उरलेल्या ३२ लाखांवर, म्हणजे १ लाख ६० हजार. भरलेला जीएसटी किमतीतच आला. मुद्रांक ६ लाख ७२ हजार होतं, त्यातून ५ लाख ६० हजार वजा होऊन १ लाख १२ हजार उरतं. नोंदणी ३० हजार. एकूण ९९ लाख २ हजार. चार लाख जास्त भाव देऊनही त्याचे सव्वाचार लाखांहून जास्त वाचतात.

हीच सगळ्या व्यवहाराची किल्ली आहे. तुम्ही भरलेला कर हा तुमच्यासाठी गेलेला पैसा असला तरी पुढच्यासाठी तो वाचलेला पैसा आहे, आणि ती बचत दोघांत वाटून घ्यायची असते. इन्व्हेस्टर क्लॉज नसता तर ९६ लाखांना खरेदीदाराची बेरीज १ कोटी ४ लाख ६२ हजारांवर गेली असती आणि तो बिल्डरकडेच गेला असता. तीन वर्षांची मुदत संपायला एखादा महिनाच उरला असेल तर हे लक्षात ठेवून वाटाघाटी करा, कारण तो महिना उलटला की तुमच्या फ्लॅटचा भाव कोणीही काहीही न करता पाच-सहा लाखांनी पडतो.

एक खबरदारी. अधिभारासकट वजावट कशी धरली जाते हे आधी पक्कं करा. मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात करारनाम्याच्या मसुद्यावर अभिनिर्णय करून घेतला तर शुल्काचा आकडा लेखी मिळतो. थोडा वेळ जातो, पण नोंदणीच्या दिवशी खिडकीवर वाद घालण्यापेक्षा बरा. आमच्या वकिलांनी तसंच करून घेतलं.

बिल्डरला पहिलं पत्र

भावाचा अंदाज आला की बिल्डरच्या सीआरएम, म्हणजे ग्राहकसंबंध विभागाला ईमेल करा. फोनवर 'होऊन जाईल साहेब' हे सगळेच म्हणतात. ईमेलमध्ये चार गोष्टी मागा: आजपर्यंतचं खात्याचं विवरण, त्यात उशिराचं व्याज असल्यास वेगळं दाखवून, हस्तांतर शुल्काचा आकडा आणि तो किती दिवस कायम राहील, त्रिपक्षीय करारनाम्याचा त्यांचा मसुदा, आणि परवानगीसाठी लागणाऱ्या कागदांची यादी.

उत्तर उशिरा येईल, हे गृहीत धरा. त्या इमारतीत बिल्डरचे स्वतःचे फ्लॅट शिल्लक असतील तर तुम्ही त्याचे स्पर्धक आहात आणि तुमचा खरेदीदार म्हणजे त्याचं हातातून गेलेलं गिऱ्हाईक. उघड नकार क्वचित मिळतो. 'मॅनेजमेंटकडे फाइल आहे' हे मात्र आठवडेच्या आठवडे ऐकावं लागतं. मावसभावाला पहिल्या ईमेलपासून शुल्काचा आकडा कळायला एकोणीस दिवस लागले, तेही त्याने दोनदा ऑफिसात जाऊन बसल्यावर. म्हणूनच खरेदीदाराला टोकन देण्याच्या स्थितीत आणण्याआधी हे पत्र जायला हवं.

विवरण आलं की प्रत्येक हप्ता आणि जीएसटी तुमच्या पावत्यांशी ताडून पाहा. टीडीएसची रक्कम बिल्डरच्या खात्यात जमा दाखवलेली नसणं ही नेहमीची चूक आहे. तुम्ही हप्त्यातून एक टक्का कापून सरकारला भरलेला असतो, पण बिल्डरच्या वहीत तो तुमच्या नावावर थकबाकी म्हणून पडून असतो आणि त्यावर व्याजही चढत असतं. टीडीएस प्रमाणपत्रं पाठवून ते आधीच दुरुस्त करून घ्या.

खरेदीदाराबरोबरची विसार पावती

खरेदीदार पक्का झाला की साधी टोकन पावती करू नका. दोन पानांचा का होईना, अटी लिहिलेला दस्त करा. त्यात किंमत किती, त्यातले तुम्हाला किती आणि बिल्डरला किती, उरलेला जीएसटी कोण भरणार, हस्तांतर शुल्क कोणाचं, हे आकड्यांत लिहा. 'सर्व समावेशक' हा शब्द वापरूच नका, कारण त्याचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो. बिल्डरची परवानगी अमुक दिवसांत मिळाली नाही किंवा खरेदीदाराचं कर्ज मंजूर झालं नाही तर टोकन पूर्ण परत, ही अट घाला. तुमच्यावरही ती बंधनकारक असेल, पण तिच्याशिवाय शहाणा खरेदीदार पुढे येणार नाही.

मधल्या काळात बिल्डरचं नवं मागणीपत्र आलं तर काय? हे हमखास होतं. स्लॅब पडला की हप्ता आला. तो तुम्ही भरायचा आणि खरेदीदाराकडून नोंदणीच्या दिवशी घ्यायचा, की खरेदीदाराने थेट भरायचा, हे आधीच ठरवा. मी पहिला पर्याय सुचवतो, कारण नोंदणीआधी दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये खरेदीदाराचे पैसे अडकू नयेत.

कर्ज चालू असेल तर

इथे दोन बँका आणि एक बिल्डर असे तिघं एकमेकांकडे बोट दाखवत उभे राहतात. बिल्डर म्हणतो, आधी जुन्या बँकेचं ना-हरकत आणा. जुनी बँक म्हणते, कर्ज फेडा मग देतो. नवी बँक म्हणते, करारनामा नोंदवा आणि बिल्डरचं पत्र आणा, मग पैसे सोडतो.

ही गाठ सोडवायला जुन्या बँकेकडून दोन कागद लागतात. एक, कर्ज पूर्ण फेडीच्या रकमेचं पत्र, त्यात रोजचं व्याज किती वाढेल तेही लिहिलेलं. दोन, बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी. या दोन्ही कागदांच्या आधारे बहुतेक बिल्डर 'जुन्या बँकेचं कर्ज फिटण्याच्या अधीन' अशी परवानगी देतात. नोंदणी झाल्यावर नवी बँक जुन्या बँकेच्या नावाने थेट पैसे देते. आमच्या व्यवहारात खरेदीदाराचं कर्ज ७० लाखांचं होतं. त्यातले ३२ लाख जुन्या बँकेला, ६ लाख मावसभावाला आणि उरलेले ३२ लाख पुढे स्लॅबप्रमाणे बिल्डरला. खरेदीदाराचे स्वतःचे २६ लाख नोंदणीच्या वेळी मिळाले, त्यातला टीडीएस वजा होऊन.

व्यक्तीच्या नावावरच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, तेव्हा तो कोणी मागितला तर लेखी विचारा. कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद तीस दिवसांत परत करायचे असतात. उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खरेदीदाराची बँक कोणती हेही आधी विचारा. तिने तो प्रकल्प कर्जासाठी मंजूर केलेला नसेल तर मंजुरीतच महिना जातो.

परवानगी पत्रात काय हवं

बिल्डरचं ना-हरकत पत्र दोन ओळींचं असेल तर ते परत पाठवा. त्यात फ्लॅटचा क्रमांक, चटई क्षेत्र, पार्किंग, मूळ करारनाम्याचा नोंदणी क्रमांक व तारीख, आजवर मिळालेली रक्कम, उरलेली रक्कम, तुमच्याकडे काहीही थकबाकी नाही हे वाक्य आणि नव्या खरेदीदाराने नव्या बँकेकडे तो गहाण ठेवायला हरकत नाही हे वाक्य, एवढं हवंच. पार्किंगकडे विशेष लक्ष द्या. मूळ करारात नसलेलं पण तोंडी कबूल केलेलं पार्किंग हस्तांतराच्या वेळी गायब होतं.

त्रिपक्षीय करारनामा

मसुदा बिल्डरचा असतो आणि तो बिल्डरच्या बाजूने झुकलेला असतो. त्यात तीन ठिकाणी पेन चालवा.

एक, ताब्याची तारीख. 'मूळ करारनाम्यातल्या सर्व अटी कायम' असं एकीकडे म्हणून दुसरीकडे नवी तारीख टाकलेली असते. दोन, 'लिहून देणार व लिहून घेणार यांचा बिल्डरविरुद्ध कोणताही दावा उरलेला नाही' असं एक निरुपद्रवी दिसणारं वाक्य. उशिराच्या व्याजावर ते पाणी सोडतं. ते काढायला बिल्डर कां-कूं करतो, पण किमान 'आजपर्यंतचा' एवढा शब्द तरी घालून घ्या म्हणजे खरेदीदाराचा पुढचा हक्क शाबूत राहील. तीन, तुमची सुटका. हस्तांतरानंतर उरलेल्या हप्त्यांची जबाबदारी फक्त लिहून घेणाऱ्याची आहे आणि लिहून देणारा मोकळा झाला, हे बिल्डरच्या तोंडून करारात यायला हवं. खरेदीदाराने उद्या हप्ते थकवले तर बिल्डरचा माणूस तुमच्या दारात येऊ नये यासाठी.

याशिवाय पहिल्या करारावर भरलेल्या मुद्रांक शुल्काचा आकडा, चलन क्रमांक आणि वजावटीचा अनुच्छेद दस्तात लिहा. मूळ करारनामा आणि इंडेक्स टूची, म्हणजे त्याच्या नोंदणीच्या सारांश उताऱ्याची प्रत जोडा.

नोंदणीला तिघांच्या सह्या लागतात. बिल्डरकडून कुलमुखत्यारपत्र असलेला कर्मचारी येतो. त्याचं पत्र चालू आहे ना, ते आदल्या दिवशी विचारा. आमची पहिली तारीख याच कारणाने फुकट गेली.

टीडीएस आणि आयकर

किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार तुम्हाला देण्याच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापतो. मावसभावाच्या ६४ लाखांवर तो ६४ हजार झाला. तुम्ही अनिवासी भारतीय असाल तर हा एक टक्क्याचा नियम लागू होत नाही, कपात बरीच जास्त असते. तेव्हा आधी सीएंकडे जा.

हक्क चोवीस महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन धरला जातो आणि त्यावर साडेबारा टक्के कर लागतो. त्याआधी विकला तर नफा तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिसळतो, आणि तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला ते फार जड जातं. मावसभावाचा नफा असा निघाला: हातात आलेले ६४ लाख, त्यातून हस्तांतर शुल्क आणि दलाली वजा, मग ४८ लाख मूळ रक्कम, जीएसटी, मुद्रांक आणि नोंदणी वजा. उरले ४ लाख ९७ हजार. कर आणि उपकर मिळून साधारण ६४ हजार ६००. कर्जाचं व्याज यात वजा धरलेलं नाही. ते खर्चात घालता येईल का हा सीएंबरोबरचा विषय आहे, आणि त्याच बैठकीत नवं घर घेऊन कर वाचवता येईल का हेही विचारा.

म्हणजे खिशाच्या हिशेबाने उरलेल्या ७२ हजारांतून कर गेल्यावर त्याच्याकडे सातेक हजार राहिले. 'अडीच वर्षं फुकट राबलो' असं तो म्हणाला. ९२ लाखांना विकला असता तर खिशातून गेले असते, हे मी त्याला आठवण करून दिलं.

नोंदणीनंतरचं एक काम

करारनामा नोंदवला की लोक सुस्कारा सोडतात. पण बिल्डरकडून आणखी एक पत्र घ्यायचं असतं: त्याच्या वहीत फ्लॅट नव्या नावावर झाला, भरलेली ४८ लाखांची रक्कम नव्या माणसाच्या खात्यात वर्ग झाली आणि यापुढची मागणीपत्रं नव्या पत्त्यावर व ईमेलवर जातील. आमच्याकडे ते राहून गेलं. दीड महिन्याने मावसभावाच्या जुन्या ईमेलवर नव्या स्लॅबचं मागणीपत्र आलं, ते त्याने बेंगळुरूत आठ दिवसांनी पाहिलं आणि पुढे पाठवलं. तोवर हप्त्याची मुदत उलटली होती आणि खरेदीदाराच्या नावावर व्याज लागलं होतं. हस्तांतराची फाइल विक्री विभागात मंजूर होऊन तिथेच थांबली होती, हिशेब विभागापर्यंत पोहोचलीच नव्हती. नोंदणीकृत दस्ताची प्रत जोडून मावसभाऊ आणि खरेदीदार दोघांनी एकत्र ईमेल केला, तेव्हा ते व्याज माफ झालं.